अन्यथा नसलेला अर्ज

तीर्थपुरीच्या काकासाहेबांना निवेदनं लिहायचा नाद होता. कुणाला तंबाखूचा असतो, कुणाला पत्त्यांचा, ह्यांना निवेदनाचा. विजेचा डीपी जळाला, निवेदन. एसटी वेशीत थांबली नाही, निवेदन. एकदा तर पशुवैद्यकीय दवाखान्याच्या दारातलं बाभळीचं झाड वाकलं म्हणून तहसीलदारांना दिलं होतं. तहसीलमधला कारकून त्यांना लांबून येताना पाहिलं की अगोदर चहा सांगायचा आणि मगच शिक्क्याला हात घालायचा. शिक्का मारलेली प्रत, म्हणजे पोच, खिशात पडली की काकासाहेबांचा चेहरा असा खुलायचा की काम झालं का नाही हे विचारायची सोयच उरायची नाही.

त्यांच्या प्रत्येक निवेदनात एक शब्द ठरलेला. शेवटच्या परिच्छेदाच्या तोंडाशी, ठळक, खाली रेघ मारून: अन्यथा. अन्यथा लोकशाही मार्गाने आमरण उपोषणास बसेन आणि होणाऱ्या परिणामास आपण जबाबदार राहाल. प्रत्यक्षात ते एकदाच बसले होते. सकाळी बसले आणि जेवणाच्या वेळेला उठले, कारण त्यांच्या बायकोनं, झुंबरबाईंनी, मंडपात येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "भाकरी थापून ठेवल्यात, गार झाल्या तर मी न्हाई पुन्हा करनार." आमरणाचं तिथंच संपलं. पण त्या दिवसापासून नावापुढं 'उपोषणकार' लावायला ते मोकळे झाले.

अशा माणसाच्या घरात आकांक्षासारखी पोरगी जन्माला यावी, ही देवाची चेष्टाच. बोलणं कमी, काम नीटनेटकं. कृषीची पदवी घेतली, बीजशास्त्रात पुढचं शिक्षण केलं आणि दोन वर्षं अंबडच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होती. तासिकेवर म्हणजे दरवर्षी जूनमध्ये प्राचार्यांनी विचारायचं, यंदा आहात का? हो म्हटलं की वर्षभर बांधून घेतलं. नाही म्हटलं की त्या खुर्चीत दुसरं कुणीतरी.

एप्रिलात तिनं जालन्याच्या एका बियाण्याच्या कंपनीत मुलाखत दिली. समोर तीन माणसं होती. त्यातल्या रूपल मॅडम, म्हणजे कंपनीत माणसं घ्यायचं खातं सांभाळणाऱ्या मोठ्या बाई, कमी बोलल्या आणि नेमकं विचारलं. दोनच दिवसांनी त्यांच्या हाताखालच्या मयंकचा फोन आला. उमेदवारांशी सगळं बोलणं तोच करायचा.

"अभिनंदन मॅडम! तुमची निवड झाली. सहायक गुणवत्ता अधिकारी. पगार आपलं बोलणं झालं तोच. लेटर आठवड्याभरात मेलवर येईल."

आकांक्षानं त्याच दिवशी मयंकला मेल करून टाकला: निवडीबद्दल आभार, माझा होकार आहे. आणि मग आईच्या गळ्यात पडून रडली. बिया किती उगवतात, किती नाही, ओलावा किती, भेसळ किती, हे दिवसभर तपासायचं काम तिला मिळणार होतं. तिला आयुष्यात तेवढंच पाहिजे होतं.

इथपर्यंत सगळं कसं सुरळीत झालं होतं. पण काकासाहेब घरात होते.

ते त्याच संध्याकाळी भुजंगच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले. आमच्याकडं पोराचा वाढदिवस असो, नाहीतर पुतण्या पोलिसात भरती होवो, चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय ते खरंच घडलं असं कुणी धरत नाही. भुजंगनं फोटो घेतला, गुलाबी पार्श्वभूमी टाकली, दोन बाजूंना कबुतरं उडवली आणि विचारलं, "पोस्ट काय टाकू?"

"सहायक गुणवत्ता अधिकारी."

भुजंगनं तोंड वाकडं केलं. "सहायक? काका, एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर सहायक बरं दिसन का? शेजारी बघा, 'भावी सरपंच' लागलाय. त्याला तर अजून तिकीटबी न्हाई."

काकासाहेबांनी शेजारच्या फ्लेक्सकडं पाहिलं. गॉगल लावलेला भावी सरपंच त्यांच्याकडं बघून हसत होता. माणसाचा अहंकार कसा असतो बघा, वाटेत कुठं थांबा घेत नाही.

"मॅनेजर टाक," ते म्हणाले.

"भावी मॅनेजर?"

"भावी कशाला? डायरेक्ट मॅनेजर टाक. आज न्हाई उद्या व्हनारच हाय ती."

दुसऱ्या दिवशी चौकात आकांक्षा झळकली. 'नामांकित बियाणे कंपनीत गुणवत्ता विभागाच्या मॅनेजरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' वर कंपनीचं चिन्ह, जे भुजंगनं बियाण्याच्या पिशवीवरून काढलं होतं. खाली हात जोडलेले काकासाहेब: 'शुभेच्छुक, उपोषणकार, सामाजिक कार्यकर्ते'.

आकांक्षानं ते बसमधून उतरताना पाहिलं आणि घरी येऊन दप्तर आपटलं. "आबा, काढा ते! मी मॅनेजर न्हाई!"

"लोकांना काय फरक पडून राह्यलाय?"

"मला पडतो ना!"

"लेटर आलं की काढू. आत्ता काढला तर लोक म्हनतील नोकरी गेली." ह्या बोलण्यापुढं कुणाचं काही चाललं नाही. फ्लेक्स राहिला.

आठवडा गेला, लेटर आलं नाही. काकासाहेबांना चैन पडेना. आकांक्षा अंघोळीला गेली तसं त्यांनी तिच्या मोबाईलमधून मयंकचा नंबर उतरून घेतला आणि मळ्यात जाऊन, आंब्याखाली उभं राहून, घसा खाकरून फोन लावला.

"हॅलो, मी तीर्थपुरीहून काकासाहेब. मॅनेजर मॅडमचे वडील बोलून राह्यलो."

"कोणत्या मॅनेजर मॅडम?"

"अहो, तुमच्याच लॅबच्या! आकांक्षा! आता तुमच्याच मॅडम झाल्या की त्या." आणि मोठ्यानं हसले. "लेटरचं जरा जल्दी करा. तसा मी शांत माणूस हाय, पन निवेदनाची सवय हाय मला."

 तिकडून एकदम बारीक आवाजात, "काका, मी... नंतर बोलतो." आणि फोन बंद.

रेंज गेली असणार, काकासाहेब म्हणाले. घरी त्यांनी ह्यातलं एक अक्षर सांगितलं नाही. लेकीचं काम परस्पर करून दाखवू, मग सांगू, असा त्यांचा बेत होता.

त्या दिवसापासून मयंक जो गप्प झाला तो झालाच. आकांक्षानं विचारपूस करणारा मेल पाठवला, उत्तर नाही. काही दिवसांनी फोन केला, उचलला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकल्या, त्यावर दोन निळ्या खुणा आल्या.

"पोच आली!" काकासाहेब हरखले. "निळं झालं म्हंजे शिक्का पडला."

"शिक्का पडला आन् अर्ज टोपलीत गेला," झुंबरबाई चुलीपुढून म्हणाल्या. "तुमच्या बाभळीसारखं."

मे महिना सरत आला. सुरुवातीला सगळेच समजूत काढत होते की हंगाम आहे, सरकीच्या पिशव्यांच्या गाड्या सुटून राहिल्यात, कंपनीला श्वास घ्यायला वेळ नाही. पण गावाला कुठं हंगाम कळतो? किराणा दुकानात बाया विचारायला लागल्या, "मॅनेजर बाई अजून घरीच?" आकांक्षानं चौकातून जाणं सोडलं. मागच्या गल्लीनं बसला जायची. उन्हानं फ्लेक्सचा एक कोपरा सुटला होता आणि वारं आलं की तो तिथल्या तिच्या चेहऱ्यावर फडफड मारायचा.

जून लागला आणि प्राचार्यांचा निरोप आला. सोमवारपर्यंत सांगा, यंदा आहात का नाही.

त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही. हो म्हटलं तर कंपनी गेली, कारण मध्येच कॉलेज सोडणं आकांक्षाच्या स्वभावात नव्हतं. नाही म्हटलं आणि कंपनीचं काहीच नसलं, तर पोरगी घरी बसली. नुसती घरी बसली असंही नाही, चौकात मॅनेजर आणि घरात बेकार.

"बस्स!" काकासाहेबांनी कोरे कागद काढले. "आता माझं काम."

त्यांनी भरभर लिहिलं आणि उभं राहून वाचलं, सभेत वाचावं तसं. "विषय: नियुक्तीपत्र देण्यास होत असलेल्या अक्षम्य दिरंगाईबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की, आपल्या कंपनीने एका शेतकरीकन्येची घोर चेष्टा चालविली असून संबंधित मयंक याची तात्काळ चौकशी करावी. अन्यथा कंपनीच्या गेटसमोर..."

"आबा."

"ऐक तर. प्रत माहितीसाठी: जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कृषिमंत्री."

"आबा, हे गेलं ना, तर ते लेटर देतीन पन मला मनापासून घेनार न्हाईत. कंपनीला नको असलेलं मानूस होऊन मला तिथं जायचं न्हाई." आकांक्षानं लॅपटॉप उघडला. "मीच लिहिते. रूपल मॅडमला."

"म्हंजे वरच्या सायबाला! हेच तर मी म्हनून राह्यलो!"

"वर लिहिनं वेगळं, वरून दगड टाकनं वेगळं."

मुलाखतीच्या बोलावण्याच्या मेलमध्ये रूपल मॅडमचा पत्ता होताच, तेव्हा तो कुणाकडून मिळवायची गरज नव्हती. तिनं नवा मेल काढला नाही, जुन्याच साखळीत उत्तर टाकलं, म्हणजे मागचं सगळं खाली दिसेल. इंग्रजीत लिहिलं आणि आईवडिलांना मराठीत वाचून दाखवलं.

"नमस्कार मॅडम. एप्रिलमध्ये आपण माझी मुलाखत घेतलीत, त्याबद्दल आभार. त्यानंतर मयंक सरांनी फोनवर, सहायक गुणवत्ता अधिकारी ह्या पदासाठी माझी निवड झाल्याचं कळवलं आणि मी मेलवर होकार दिला. सर सध्या हंगामाच्या गडबडीत असतील, म्हणून आपल्याला तसदी देते आहे. लेखी ऑफर लेटर अजून माझ्यापर्यंत आलेलं नाही. ते कधीपर्यंत येऊ शकेल, किंवा निर्णयात काही बदल झाला असेल तर तोही कृपया कळवावा. मी सध्या शिकवते त्या कॉलेजला सोमवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचं आहे. आपल्याकडे काम करायची माझी मनापासून इच्छा आहे."

वाचून झालं. काकासाहेब वाट बघत राहिले.

"पुढं?"

"संपलं."

"अन्यथा कुठंय?"

"न्हाई."

"अगं, अन्यथा न्हाई तर ते हालतील कशाला? ह्याच्यात दमच न्हाई! सोमवारचं लिहिलंस तेवढं एक बरं, धमकीसारखं वाटतं."

"धमकी न्हाई, आबा. माझी अडचन हाय ती. त्यांना कळायला नको?"

"आन् प्रत कुनाला?"

"मयंक सरांना."

काकासाहेब ताडकन उभे राहिले. "ज्याची तक्रार त्यालाच प्रत?"

"तक्रार हायच कुठं ह्याच्यात? त्यांच्या माघारी वर गेले असं त्यांना वाटू नये. उद्या त्यांच्यासंगच काम करायचंय."

काकासाहेबांनी शेवटचा डाव टाकला. "बरं, एक कर. ते सहायक काढ. बारीक दिसतं. नुसतं 'पदासाठी' म्हन. मागच्या मेलात तरी कुठं लिहिलं होतंस?"

"तीच चूक झाली. काय ठरलं होतं ते साफ लिहायला पाहिजे होतं." आणि तिनं बटण दाबलं. बापाचं निवेदन टेबलावर तसंच पडून राहिलं. झुंबरबाईंनी त्यावर लसूण सोलला.

शनिवारी दुपारी फोन आला. रूपल मॅडमचा. आकांक्षानं स्पीकर लावला आणि वडिलांना हातानं खूण केली, गप्प बसा. काकासाहेबांनी स्वतःच्याच तोंडावर उपरणं धरलं.

"आकांक्षा, मेल मिळाला. बरं झालं लिहिलंत. आधी एक सांगा, तुमच्या समजुतीप्रमाणे आम्ही तुम्हाला कोणतं पद दिलंय?"

"सहायक गुणवत्ता अधिकारी, मॅडम. मेलमध्ये लिहिलंय तेच."

"मॅनेजर नाही ना?"

"न्हाई मॅडम! बिलकुल न्हाई!"

तिकडं बाईंनी सुस्कारा सोडलेला इकडं ऐकू आला. "तुमच्या लेटरवर मी मे महिन्यातच सही केली आहे. मला वाटलं ते गेलं आणि तुम्हीच विचार करताय. आज मी दुसऱ्या उमेदवाराला फोन करायला सांगणार होते. सकाळी मेल वाचला म्हणून थांबले. मयंक इथंच बसलाय. मयंक, तूच सांग."

मयंक बोलायला लागला. "सॉरी मॅडम. चूक माझी आहे. म्हणजे तुम्हाला फोन केला ना, त्यानंतर काही दिवसांनी एक कॉल आला. मॅनेजर मॅडमचे वडील बोलतोय म्हणाले."

 आकांक्षानं मान हळूच त्यांच्याकडं वळवली. झुंबरबाईंनीही वळवली.

"मला वाटलं, मी फोनवर चुकून काही वेगळंच बोलून बसलो की काय. तुमच्या मेलमध्ये पदाचं नाव नव्हतं. मग आमच्या तिकडच्या सेल्समननं चौकातल्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. आमच्या लॅबचे मॅनेजर सर अजून नोकरीत आहेत, मॅडम. त्यांनी तो फोटो बघितला आणि मला विचारलं, माझा राजीनामा कुणी घेतला रे?"

फोनच्या त्या टोकाला रूपल मॅडमना हसू आवरलं नाही. इकडं कुणी हसलं नाही.

"आणि खाली 'उपोषणकार' लिहिलेलं होतं," मयंक रडवेला झाला. "मी रोज लेटर उघडून बघायचो. सहायकाचं पाठवलं तर काका गेटवर बसतील, मॅडमना सांगितलं तर त्या मला विचारतील, काय कबूल करून बसलास? मग मी मॅडमना, उमेदवार विचार करतायत, असं सांगत राहिलो. तुमचा हा मेल वाचला तेव्हा समजलं की तुम्हाला सगळं बरोबर ठाऊक होतं. सॉरी."

"त्याच्याशी मी बोलेन," रूपल मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला थांबावं लागलं त्याबद्दल मी माफी मागते. लेटर आज संध्याकाळपर्यंत येईल. नीट वाचा, काही शंका असेल तर थेट मला लिहा. कॉलेजला लेटर हातात आल्यावरच कळवा, त्याआधी नाही."

फोन ठेवला. 

"आबा," आकांक्षा म्हणाली, "तुम्ही फोन केल्ता?"

काकासाहेबांनी उपरणं खाली घेतलं. आयुष्यात कलेक्टरसमोर न अडखळलेला माणूस इथं अडखळला. "म्या म्हनलं... जरा जोर लावू."

"माझी नोकरी गेली असती! तुमच्या जोरानं! महिनाभर मी ह्या खोलीत बसून स्वतःला विचारून राह्यले, माझं काय चुकलं, काय चुकलं!" आता ती रडतच होती. "आन् तुम्ही मला निळ्या खुना दाखवून पोच आली म्हनत होते!"

ती आत गेली. झुंबरबाई तिच्या मागोमाग गेल्या. काकासाहेब उठले, शिडी घेतली आणि भर उन्हात चौकात गेले. लोकांनी विचारलं, "काय काका, नोकरी गेली का?" ह्या एकाच प्रश्नाच्या भीतीनं त्यांनी तो फ्लेक्स महिनाभर उतरवला नव्हता. आता शिडीवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "नोकरी हाय. मॅनेजर न्हाई, सहायक हाय. मॅनेजर म्या केल्ती." गॉगलवाल्या भावी सरपंचाचे चार पाहुणे तिथंच उभे होते, ते खो खो हसले. काकासाहेबांनी हसू दिलं आणि फ्लेक्सची दोरी सोडली.

संध्याकाळी लेटर आलं. आकांक्षानं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, पद, पगार, रुजू व्हायची तारीख, सगळं जुळत होतं. होकार पाठवला आणि मगच प्राचार्यांना फोन करून नम्रपणे नाही सांगितलं. झुंबरबाईंनी शिरा केला. फ्लेक्स कडब्यावर झाकायला गेला, छापलेली बाजू खाली करून. म्हशीला तरी गैरसमज नको, असं त्या म्हणाल्या. तेव्हा आकांक्षा पहिल्यांदा हसली. वडिलांशी मात्र अजून बोलली नव्हती.

रुजू व्हायच्या आदल्या दिवशी काकासाहेब पुन्हा कोरे कागद घेऊन बसले.  पण ह्या वेळेला पेन चालेना. दोन ओळी झाल्या की हात थांबायचा, सवयीनं खाली जायचा, 'अ' काढायचा आणि खोडायचा. चार कागद गेले. शेवटी त्यांनी एक घडी केली आणि लेकीच्या पुढ्यात ठेवली.

"मयंकला दे. आगोदर वाच. चुकलं असन तर सांग."

आकांक्षानं वाचलं. 'श्री. मयंक यांस, स. न. वि. वि. माझ्या फोनमुळे आणि फ्लेक्समुळे तुम्हाला जो मनस्ताप झाला त्याबद्दल मी तुमची माफी मागतो. तुमच्या मॅनेजर साहेबांनाही माझा नमस्कार सांगा, त्यांच्या खुर्चीवर आमचा डोळा नाही. माझ्या मुलीची ह्यात काही चूक नव्हती. ती आपलं काम बराबर करते. तिला सांभाळून घ्या.'

एवढंच. तिनं कागद उलटून मागं पाहिलं, मागं काही नव्हतं. खाली रेघ मारलेला शब्द नव्हता, माहितीसाठी प्रत कुणाला नव्हती. सहीखाली 'उपोषणकार' नव्हतं, 'सामाजिक कार्यकर्ते'ही नव्हतं. तिथं ठळक, एकेक अक्षर सावकाश काढून लिहिलं होतं: सहायक गुणवत्ता अधिकारी यांचे वडील.

आकांक्षानं ती ओळ पुन्हा वाचली. मग तिनं कागदाची घडी जशी होती तशी घातली आणि लेटरच्या शेजारी बॅगेत ठेवली.

"पोच आनू का, आबा?"

"नको," काकासाहेब म्हणाले. "तू पोचली की फोन कर फक्त."